सूचना : तिमाही उद्दिष्टांतील मोजमापाबाबत

सर्व गटप्रमुख सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील तिमाहीसाठी सहकाऱ्यांची उद्दिष्टे स्मार्ट पद्धतीने, म्हणजे नेमकी, मोजता येण्याजोगी, साध्य होणारी, सुसंगत आणि कालबद्ध अशी लिहिताना ‘मोजता येण्याजोगे’ या निकषाकडे विशेष लक्ष द्यावे. उद्दिष्टात आकडा घातला म्हणजे ते मोजता येते, असे नाही; आज तो आकडा किती आहे आणि तो कोणत्या नोंदीतून घेतला जाणार, हे आधी ठरलेले नसेल तर तिमाहीअखेरीस केवळ वाद उरतो.

उदाहरणार्थ, ग्राहकसेवेतील सहकाऱ्यासाठी ‘तक्रारींना लवकर उत्तर द्यावे’ असे न लिहिता, ‘तक्रार नोंदल्यापासून पहिले उत्तर जाईपर्यंतच्या वेळेचा मध्यक, जो गेल्या तिमाहीत ९ तास होता, तो तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात ६ तासांवर आणावा, मोजणी तक्रार नोंदणीच्या मासिक अहवालातून व्हावी’ असे लिहावे. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सर्व वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, घेण्याचे कारण असे की, सुटीत अडकून पडलेल्या दोन-चार तक्रारीही सरासरी फुगवतात. मात्र एवढ्यावर थांबू नये. केवळ वेळच मोजला, तर घाईघाईने अपुरे उत्तर धाडून आकडा गाठता येतो (आणि गाठला जातोच), म्हणून ‘पुन्हा उघडाव्या लागलेल्या तक्रारींचे प्रमाण सध्याच्या ८ टक्क्यांपेक्षा वाढू नये’ ही अट त्यालाच जोडावी.

तक्रारींची एकूण संख्या मात्र त्याच्या उद्दिष्टात घेऊ नये, कारण ती बहुतांशी उत्पादनातील दोषांवर अवलंबून असते आणि ते दोष दूर करणे त्याच्या हातात नसते. मसुदा संबंधित सहकाऱ्याशी चर्चा करूनच पक्का करावा.