दाणे वाळवलेस, भाजले नाहीस

नाशिक, पौषातली थंडी

प्रिय संज्या,

तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. रागावलो नव्हतो रे, तू बरोबर ठरलास ते तोंडाने कबूल करायची लाज वाटत होती. आता लिहूनच करतो. गुडघा बरा आहे, आईचं शुगर जिथल्या तिथे.

कॉलेज रोडवरच्या त्या कॅफेने सगळी कॉफी परत पाठवली. "दुधात घातली तर पुठ्ठ्यासारखी लागते" एवढाच निरोप. आणि गाढवपणा असा की ती खास त्यांच्यासाठीच 'सुधारून' भाजली होती.

आधीच्या खेपेची कॉफी खरोखर कच्ची होती. चिकमगळूरचा वॉश्ड अरेबिका, ८०० ग्रॅम. फर्स्ट क्रॅक ८ मिनिटं १० सेकंदाला, १९७ अंशावर, आणि नऊ मिनिटं पुरी होताच ड्रममधून काढली. म्हणजे तडतड सुरू झाल्यापासून डेव्हलपमेंट फक्त ५० सेकंद, एकूण वेळेच्या नऊ टक्के. घोट घेतला की ओलं गवत, कच्चा शेंगदाणा आणि जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा. ग्राइंडरही कुरकुरला, कारण दाणा आतून टणक होता. दळून पाहिलं तर बाहेरून बरी दिसणारी कॉफी पूड झाल्यावर फिकट निघाली. हा दोष असा डोळ्यांनाही दिसतो, म्हणून लगेच ओळखता येतो.

मग मी काय केलं? डेव्हलपमेंट वाढवायची ना, तर क्रॅक सुरू होताच गॅस पार बारीक केला, म्हणजे सावकाश शिजेल. हिशेबाने सगळं छान दिसत होतं: दहा मिनिटं, त्यातली १ मिनिट ५० सेकंद क्रॅकनंतर, अठरा टक्के. वहीत मी शाबासकीची बरोबरची खूण केली. हसू नकोस.

पण तुझा तो उतार मी पाहिलाच नाही. दर मिनिटाला दाण्याचं तापमान किती अंशांनी चढतंय, ते. क्रॅकआधी ते नऊ होतं. दाणे फुटताना आतली वाफ सुटते आणि त्यांचं चढणं आपोआपच मंदावतं, त्यात मी गॅस काढून घेतला, म्हणून ते थेट दोनवर कोसळलं. घाबरून गॅस वाढवला, तर पुन्हा आठवर उसळलं. शेवटी २०६ अंशांना काढली. आलेखात आधी खड्डा, मग उंचवटा.

चव कच्चीही नाही, जळकीही नाही, नुसती रिकामी. गरम असताना टोस्टचा वास येतो, थोडी निवली की शिळा पाव आणि कागद. आंबटपणा गेला, पण गोडवाही त्याच्यासोबत गेला. रंग मात्र उत्तम, पूडही एकसारखी, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. मला वाटलं अजून कच्चीच आहे, म्हणून पुढचा घाणा आणखी मंद आचेवर अडीच मिनिटं ओढला. तोच कॅफेला गेला.

तात्यांनी चमचाभर तोंडात घेतली. चाळीस वर्षं वाळूत फुटाणे भाजलेला माणूस, कॉफी पीतसुद्धा नाही. म्हणाले, "दाणे वाळवलेस, भाजले नाहीस." बस. तू वर्षभर आलेख काढून जे सांगत होतास ते. तेव्हा मी तुला "घड्याळ माझं आहे, उतार तुझा ठेव" म्हणालो होतो, आणि तू माझी मिसळ अर्धी टाकून उठला होतास. तिचे पैसे अजून तुझ्याकडे बाकी आहेत.

आता गॅस क्रॅकआधीच, सव्वासात मिनिटांपासून दोन टप्प्यांत थोडा थोडा कमी करतो, आणि क्रॅक सुरू झाल्यावर हात लावत नाही. क्रॅकला वेग नऊ, मग आठ, सात, शेवटी पाच. कुठे खड्डा नाही. पावणेदहाला २०८ अंशांवर काढली. डेव्हलपमेंट १ मिनिट ३५ सेकंद, म्हणजे त्या बेचव घाण्यापेक्षाही कमी! आणि कप निवल्यावर गुळाची गोडी. वेळ हवाच, पण त्या वेळात उष्णता आत जात राहायला हवी, हे मला तीन घाण्यांनंतर कळलं. हे आकडे माझ्या प्रोबचे, तुझ्या मशीनवर १९७ ला क्रॅक होईलच असं नाही, ते तू जाणतोस. सकाळी शेड गारठलेलं असतं तेव्हा पहिल्या घाण्याला गॅस थोडा जास्तच लागतो.

तुझ्या नोकरीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पिंटूची दहावी ना यंदा? मे महिन्यात या, आंब्याच्या वेळी.

सोबत दोन पुड्या पाठवतोय, नाव लिहिलेलं नाही. एक भाजलेली, एक वाळवलेली. चार दिवस झाकून ठेव, मग कप पूर्ण निवू दे आणि कुठली कुठली ते कळव. चुकलास तर मिसळीचे पैसे माफ नाहीत.

तुझा,
बाळ्या