चोखोबांच्या घरातील अभंग उलगडून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

चोखामेळा, सोयराबाई आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा यांचे अभंग एकाच घरातील बोलणे म्हणून शेजारी शेजारी ठेवून वाचायला आपण आम्हांला शिकवलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. देवाच्या दारी जातपात नसते, हे आम्ही कीर्तनांतून ऐकत आलो होतो. पण ज्यांना त्या दाराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांचे याविषयी काय म्हणणे होते, ते आपल्यामुळे नीट कळले.

‘बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ असे चोखोबा जोहार घालून विठ्ठलाला म्हणतात. यात भक्ताची लीनता आहेच, पण गावाने एका जातीच्या माथी मारलेले जगणेही जसेच्या तसे आले आहे, हे आपण दाखवलेत. लगेच आपण कर्ममेळ्याचा अभंग पुढे ठेवलात: ‘जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता’. बापाने जे उष्टे देवाजवळ मागितले, त्याच उष्ट्याचा जाब मुलगा देवाला विचारतो. मला हा अभंग संतवाङ्मयातील सर्वांत निर्भय अभंगांपैकी एक वाटतो, आणि वारकरी परंपरेने तो जपून ठेवला, याचे मोल मोठे आहे.

सोयराबाईंची रीत आणखी वेगळी आहे. ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला’ असे सांगून त्या सोवळ्याचा पायाच काढून घेतात. विटाळावाचून कोणताही देह निर्माण होत नसेल, तर सोवळे पाळणाऱ्याचा देह तरी कोठून आला, या त्यांच्या प्रश्नाला कर्मकांडाकडे उत्तर नाही. स्त्री आणि अस्पृश्य म्हणून दुहेरी विटाळ सोसणाऱ्या बाईने हा युक्तिवाद करावा, याचे महत्त्व आपण सावकाश, पुन्हापुन्हा सांगितलेत.

या वारकरी चळवळीची मर्यादाही आपण झाकली नाहीत. मंगळवेढ्यास कुसवाचे काम करताना भिंत कोसळून 1338 मध्ये चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. पण समाधी झाली ती महाद्वारासमोर, मंदिराबाहेर. संतांनी त्यांना आपल्या मेळ्यात घेतले, तरी पुढची सहा शतके मंदिराचे दार त्यांच्या जातिबांधवांना बंदच राहिले, आणि ते उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आजही पाण्यावरून आणि लग्नावरून जात विचारली जाते, तेव्हा कर्ममेळ्याचा जाब मला आजचाच वाटतो.

चोखोबांची बहीण निर्मळा आणि मेहुणे बंका यांचे अभंगही आपल्याकडूनच समजून घेण्याची इच्छा आहे. आपण होकार द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी