पंकज, आत्मारामभाऊंच्या घरी द्यायच्या पत्राबद्दल

चि. पंकज,

आत्मारामभाऊ गेले म्हणून त्यांच्या घरी द्यायचं शोकपत्र तू रात्री पाठवलंस, ते वाचलं. फोनवर बोलले असते पण तू फॅक्टरीत असला की लूमच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही आणि या गोष्टी हो-हो करत ऐकायच्या नाहीत, म्हणून टाईप करतेय. सूतगिरणीच्या आस्थापना खात्यात माझी सगळी नोकरी झाली, अशी पत्रं माझ्या टेबलावरूनच निघायची, तेव्हा आईचं म्हणून नको, खात्यातल्या बाईचं म्हणून ऐक.

पहिलं वाक्यच बघ. "अत्यंत दुःखद अंतःकरणाने कळविण्यात येते की आमचे कर्मचारी श्री. आत्माराम यांचे आकस्मिक निधन झाले." अरे कोणाला कळवतोस? भाऊंच्या बायकोला, सुनंदाताईंना? त्यांच्या मांडीवर जीव गेला माणसाचा. हे नोटीस बोर्डावरचं वाक्य आहे, नेटवरून उचललं की असंच होतं. घरच्यांना आपण बातमी देत नाही, आपल्याला बातमी कळली आणि वाईट वाटलं एवढंच सांगतो.

मग "कंपनीचा आधारस्तंभ कोसळला", "कधीही भरून न निघणारी हानी", आणि "कंपनी हे एक कुटुंब आहे". तिन्ही काढ. आत्मारामभाऊ घरी जाऊन काय बोलायचे ते त्या बाईला माहितीये, पगार उशिरा झाला तेव्हा काय म्हणाले असतील तेही माहितीये. आधारस्तंभाला ओव्हरटाईमसाठी ऑफिसात दोन चकरा माराव्या लागतात का? मोठा शब्द आला की वाचणारा लगेच त्याचा हिशोब करतो. "एकही सुट्टी घेतली नाही" असंही लिहिलंयस, मस्टर बघितलंस का? आखाजीला ते दरवर्षी आसोद्याला घरी असायचे, हे मलासुद्धा माहितीये. खोटी स्तुती घरच्यांनाच आधी कळते आणि मग पत्रातलं खरं पण खोटं वाटायला लागतं.

त्यापेक्षा एक खरी गोष्ट लिही, एकच. मी सकाळी तुमच्या सुपरवायझरला फोन केला होता (रागावू नको, माझी पण ओळख आहे त्यांच्याशी), म्हटलं आत्मारामभाऊंचं काय आठवतं. आधी ते पण "लय चांगला माणूस" वगैरेच म्हणत राहिले, मग म्हणाले की नवीन पोरगं आलं की आम्ही आधी त्याला आत्मारामभाऊंच्या लूमवर उभं करायचो, पट्टी तुटली तर कशी जोडायची ते तेच शिकवायचे, आज लूम खात्यात जी पोरं आहेत त्यातली बरीच त्यांच्या हाताखालची आहेत. झालं, हेच पाहिजे होतं. हे दुसऱ्या कुणाच्या पत्रात बसणार नाही. त्यांचा पोरगा आयटीआयला आहे ना, तो वाचेल तेव्हा त्याला बापाचं काम दिसेल.

आता नावाचं. लिफाफ्यावर तू "सौ. सुनंदा" टाकलंयस. जुन्या यादीतून कॉपी झालं असणार पण हे हातात पडलं तर त्या माऊलीला काय वाटेल. "श्रीमती" लिही, "गं.भा." पण नको, ते आता बऱ्याच बायकांना टोचतं. आणि पत्र त्यांच्याच नावाने काढ, मोठ्या दिरांच्या नावाने नाही. आपल्याकडे पद्धत अशी की कर्ता पुरुष शोधायचा आणि त्याच्या हातात कागद द्यायचा. दीर मोठे आहेत, मान त्यांना दारावर गेल्यावर दे, पण पत्र बायकोचं आणि पुढचे सगळे कागदही तिच्याच सहीने होणारेत. भाऊंच्या नावाआधी "कै." चालेल, त्यांच्या घरात तसंच लिहितात. पण हे पत्र फाईलला नमुना म्हणून ठेवणार असशील तर "दिवंगत" ठेव. उद्या मुसलमान कामगाराच्या घरी "कैलासवासी" जायला नको, बौद्ध घरात "कालकथित" म्हणतात, "दिवंगत" कुठेच खटकत नाही. आणि "मयत" हा शब्द तलाठ्याच्या कागदात राहू दे.

देवाचं वाक्य एकच ठेव किंवा नको ठेवू. "ईश्वर मृतात्म्यास" मधला "मृतात्म्यास" मला कधीच आवडला नाही. आजार, अटॅक, "वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर" यातलं अक्षरही नको. भाऊ घरीच वारले म्हणून आपलं पत्र सरळ आहे. कामावर असताना काही झालं असतं तर मात्र भरपाईचा कायदा लागतो, तिथे वकिलाला दाखवल्याशिवाय कारणाबद्दल किंवा चुकीबद्दल एक ओळ पण लिहायची नसते, दुःख तेवढं व्यक्त करायचं.

सगळ्यात जास्त मी अडखळले ते शेवटाला. "त्यांच्या मुलास कंपनीत सामावून घेण्यात येईल." ठरवलंयस का तू? पार्टनरशी बोललास? खाजगी कंपनीवर तशी सक्ती नाही, पण लेटरहेडवर सही करून दिलं की ते घर त्याच्यावर अवलंबून राहतं, पोरगं आयटीआय सोडून येऊन उभं राहील गेटवर. मनात असेल तर महिन्याने, नीट ठरवून, त्याच्याशी बोल. पत्रात नको. आणि "केव्हाही काही लागल्यास निःसंकोच सांगा" हेही नको, असं लिहिलेल्या घरून कुणीच कधी फोन करत नाही. कोण येणार, केव्हा येणार, कशासाठी येणार ते लिही.

पैशाचा आकडा पण या पत्रात नाही. एका ठिकाणचं पत्र मी बघितलेलं आहे, वर दोन ओळी शोक आणि खाली "मयताकडे असलेली उचल रक्कम वळती करून घेण्यात येईल, तसेच ओळखपत्र जमा करावे". त्या म्हाताऱ्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि प्रत्येकाला काढून दाखवायचा.

तर पैशाचं दुसरं पत्र, गंधमुक्तीचं कार्य झाल्यावर. पण हिशोब आजच करून ठेव. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मृत्यू झाला तर नसते, भाऊंची तर 17 वर्षं 8 महिने झालीत, सहा महिन्यांच्या वर म्हणून 18 धरायची. बेसिक आणि डीए मिळून 15,600 आहे म्हणालास ना, त्याला 26 ने भाग, 15 ने गुण, 9,000 आले, गुणिले 18, म्हणजे 1,62,000. पीएफचे तीन वेगळे क्लेम असतात, जमा रकमेचा फॉर्म 20, बायकोच्या पेन्शनचा 10-डी आणि विम्याचा 5-आयएफ. विम्याचं बऱ्याच घरांना माहीतच नसतं, नोकरीत असताना माणूस गेला की पगाराप्रमाणे जास्तीत जास्त 7 लाखापर्यंत मिळतो. अकाउंटवाल्या योगेशला आत्ताच बघायला सांग की आधारवरचं नाव, पीएफचं नाव आणि मस्टरचं नाव एक आहे का. "आत्माराम" आणि "आतमाराम" एवढ्या फरकावर क्लेम परत येतो. आणि हो, मशीनवर अंगठा पडला नाही की गैरहजेरीचा मेसेज जातो ना मोबाईलवर, तो भाऊंच्या नंबरवर जाणं आधी बंद कर, फोन आता पोराकडे असेल.

मी बसून असं केलंय, बघ:

"श्रीमती सुनंदाताई यांस,
सप्रेम नमस्कार.
आत्मारामभाऊ गेल्याचे मंगळवारी सकाळी कळले. आम्हा सर्वांना फार वाईट वाटले.
भाऊ सतरा वर्षांहून अधिक काळ आमच्या लूम खात्यात होते. नवीन कामगार आला की त्याला पहिल्यांदा त्यांच्याच लूमवर उभे करत असू. आज खात्यात काम करणाऱ्या अनेकांना त्यांनी शिकवले आहे. मंगळवारी दुपारी दोन्ही शिफ्टच्या लोकांनी काम थांबवून त्यांना श्रद्धांजली वाहिली.
तुमच्या, मुलांच्या आणि आजींच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.
भाऊंच्या नोकरीसंबंधीच्या कागदपत्रांची काळजी आत्ता करू नये. कार्य झाल्यावर आमच्या ऑफिसातील योगेश स्वतः घरी येऊन सर्व फॉर्म भरून घेतील. त्यासाठी आपल्याला कंपनीत यावे लागणार नाही.
आपला,"

आणि खाली तुझी सही, पेनाने. "करिता" लावून योगेशची नको. आजींचा उल्लेख मी मुद्दाम घातला, तिचा तो लेक होता आणि पत्रात नेहमी बायको-मुलंच येतात. "दोन्ही शिफ्ट" हे खरं असेल तरच ठेव, रात्रपाळीवाले त्यावेळी घरी होते असं सुपरवायझर म्हणत होते, विचारून घे. पत्र आजींना कुणीतरी वाचून दाखवणार, तेव्हा वाक्य मोठी करू नको, आणि इंग्रजीत तर अजिबात नको, तुझा तो पुण्याचा कन्सल्टंट काहीही म्हणू दे. प्रिंट साध्या लेटरहेडवर काढ, ज्याच्यावर चटईचा रंगीत फोटो आणि सुखी घराची जाहिरात आहे तो नको.

पोस्टाने टाकू नको, व्हॉट्सॲपवर पण नको. दहाव्याच्या आत तू स्वतः दारावर जा, सुपरवायझरला आणि लूमवरच्या दोघा-तिघांना सोबत घे. बस थोडा वेळ, दिरांशी बोल, पाणी दिलं तर घे, निघताना लिफाफा सुनंदाताईंच्या हातात दे. तिथे वाचून दाखवू नको आणि फोटो काढून ग्रुपवर तर टाकूच नको. घरात बायका रडायला लागल्या तर समजूत घालायचं भाषण करू नको, तुला ते जमत नाही आणि तिथे कुणाला ते ऐकायचंही नसतं.

पत्राची एक प्रत त्यांच्या पर्सनल फाईलला लाव. नावांचं तपासून झालं की मला फायनल पाठव, पण दुपारच्या आधी पाठव, इकडे अमळनेरला सध्या दोन वाजता लाईट जाते आणि मग रेंज पण नसते.

तुझी आई