विषय: "बसेल सर" असं सांगून न बसलेला पॉवर सप्लाय

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,

आजचा माझा चौथा फोन 40 मिनिटं ताटकळल्यावर कट झाला, म्हणून हे लेखी.

तुमचा छोट्या केसचा, 180 वॅट सप्लायचा डेस्कटॉप माझ्याकडे आहे. ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी मी तुम्हालाच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "कोणतंही चालेल सर, फक्त 500 वॅटचा साधा पॉवर सप्लाय टाका." दोन्ही आणलं. झाकण काढलं तर साध्या सप्लायची 24 पिनांची वायर लावायला बोर्डवर सॉकेटच नाही! तिथे तुमचं खास 6 पिनांचं. तुमचा सप्लाय फक्त 12 व्होल्ट देतो, 5 आणि 3.3 व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो, हार्ड डिस्कचा करंटही बोर्डातूनच जातो. हे तुम्हीच बनवलंय, तुम्हाला माहीत असायला हवं. शिवाय साधा सप्लाय 15 सेंटीमीटर रुंद, तुमच्या केसमध्ये तो कोंबूनही मावत नाही.

आता आजचा संवाद. मी म्हटलं, कनेक्टर वेगळा आहे. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, वायर उलटी लावून पाहिली का?" मी म्हटलं, 24 पिना 6 भोकांत उलट्या काय, सुलट्याही जात नाहीत. थोडी शांतता. मग, "कार्ड तरी बसलं ना?" कार्ड पूर्ण उंचीचं आहे, झाकण लागत नाही, आणि त्याला वेगळी 8 पिनांची वायर लागते, जी तुमच्या सप्लायला नाही. यावर उत्तर: "मग झाकण न लावता वापरा सर." वा! पुढच्या मॉडेलपासून झाकणच देऊ नका, तुमचाही खर्च वाचेल.

शोधाशोध मलाच करावी लागली. या केसमध्ये अर्ध्या उंचीचं, वेगळी वायर न लागणारं कार्डच चालतं, म्हणजे सगळी वीज स्लॉटमधून. स्लॉटची कमाल मर्यादा 75 वॅट, पण काही छोट्या मॉडेलांत कंपन्या ती त्याहून कमी ठेवतात. तुमची किती, हे तुमच्या माहितीपुस्तिकेत नाही आणि चार फोनांत एकालाही सांगता आलं नाही. 65 वॅटचा प्रोसेसर आणि 75 वॅटचं कार्ड धरलं तर 140 झाले. प्रोसेसर जोरात चालला की 65 च्या वर जातो, डिस्क-पंखे वेगळे. 180 मध्ये हे भागेल का, एवढाच माझा प्रश्न होता. रॅम आणि एसएसडी बसले, पण ते तुम्हाला न विचारताच घेतले होते.

माझ्या मॉडेलची स्लॉट मर्यादा सात दिवसांत लेखी कळवा आणि चुकीच्या सल्ल्याने घेतलेल्या सप्लाय व कार्डची भरपाई द्या. तुमचं नाव पाहून घेतला होता हो हा डेस्कटॉप. आठव्या दिवशी फोन माझा नसेल, वकिलांचा असेल. आणि त्यांना वायर उलटी लावायला सांगू नका.

एक ग्राहक