थकबाकीच्या दुरुस्तीपत्रात चूक, रक्कम आणि महिना स्पष्ट लिहा

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या एका शिक्षक सहकाऱ्याला पगाराच्या फरकाबाबत पत्र आले: ‘संदर्भीय पत्रान्वये अदा केलेल्या थकबाकीत त्रुटी आढळल्याने सुधारित फरकाबाबत नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ गुरुजी घाबरले. त्रुटी म्हटले की आमच्याकडे आधी वसुलीच आठवते. पैसे मिळणार की कापणार, हे विचारायला त्यांना रजा टाकून जिल्ह्याला जावे लागले.

खरे तर त्यांना पैसे मिळायचे होते. १ जुलै २०२३ ची वेतनवाढ वर्षभर पगारात लागलीच नव्हती. मूळ वेतन ३५,९०० चे ३७,००० व्हायला हवे होते, म्हणजे महिना १,१०० चा फरक. पुरवणी देयक करताना वेतनवाढीची तारीख १ जानेवारी २०२४ धरली गेली आणि आधीचे सहा महिने सुटले. सेवापुस्तकातली नोंद देयकाशेजारी ठेवली असती तर चूक तिथेच सापडली असती.

तेच पत्र असे लिहिता येईल:

‘आपली वेतनवाढ १ जुलै २०२३ पासून देय असताना मागील देयकात ती १ जानेवारी २०२४ पासून धरली गेली. ही चूक कार्यालयाची आहे. जुलै ते डिसेंबर २०२३ या सहा महिन्यांसाठी मूळ वेतनाचा फरक १,१०० व त्यावर ४६ टक्के महागाई भत्ता ५०६, असे दरमहा १,६०६ रुपये, एकूण ९,६३६ रुपये आपल्याला जादा मिळतील. जानेवारी ते जून २०२४ चे ९,९०० रुपये पूर्वीच दिले आहेत. कोणतीही वसुली नाही. ही रक्कम नोव्हेंबर २०२५ च्या वेतनासोबत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये खात्यात जमा होईल. अनुदानाअभावी उशीर झाल्यास नवा महिना लेखी कळवू.’

घरभाड्याचा फरक यात धरलेला नाही, तो वेगळ्या ओळीत यावा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या शिक्षकाची यातून १० टक्के, म्हणजे ९६४ रुपये कपात होऊन ८,६७२ रुपये हाती येतात. तेही लिहावे, नाहीतर खात्यात कमी रक्कम दिसली की पुन्हा शंका येते.

महिन्याबद्दल माझा विशेष आग्रह आहे. ‘नोव्हेंबरच्या वेतनात’ एवढेच लिहिले तर माणूस नोव्हेंबरभर पासबुक भरून आणतो, कारण नोव्हेंबरचा पगार डिसेंबरमध्ये होतो. शिवाय मागच्या वर्षाची थकबाकी एकदम मिळाल्यावर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८९ ची करसवलत मागायची, तर विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरावा लागतो आणि त्यात ही रक्कम वर्षवार दाखवावी लागते. पत्रातच महिनावार तक्ता असेल तर त्यासाठी कार्यालयात जायला नको.

असा एक नमुना ठरवून तो सर्व वेतन पथकांना आणि पंचायत समित्यांना पाठवावा, आणि त्यातली चूक, जादा रक्कम व जमा होण्याचा महिना या तीन जागा भरल्याशिवाय पत्रावर सही होऊ नये, असे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला,
मराठवाड्यातील एक शिक्षक