दृष्टिहीनांना चेहरे चाचपायला लावू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील सहकुटुंब पाहण्याजोग्या अपंगत्वविषयक चित्रपटांची यादी वाचली. लेखकमहाशयांनी चित्रपटांचे क्रम बहुधा भिजलेले रुमाल मोजून लावले असावेत, कारण सई परांजपे यांच्या १९८० सालच्या 'स्पर्श'ची बोळवण त्यांनी 'जुना आणि संथ' अशी एका ओळीत केली आहे.

माझी मुलगी जन्मतः दृष्टिहीन आहे. गेल्या महिन्यात घरी आलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी, ती कपात चहा गाळत असताना, 'बिचारीला कशाला कामाला लावता?' असे म्हणत तिच्या हातातून पातेले काढून घेतले. वास्तविक ती कपाच्या कडेवरून बोटाचे टोक किंचित आत ठेवते, चहाची वाफ बोटाला लागली की हात थांबवते, आणि कप भरत आला की ओतण्याचा आवाज बदलतो तोही तिला कळतो. त्या दिवशी चहा सांडला तो या ओढाताणीत. 'स्पर्श'मध्ये अंधशाळेचे मुख्याध्यापक अनिरुद्ध आपल्या कचेरीत कविताला कॉफी देत असताना ती मदतीला सरसावते आणि ते चिडतात, तो प्रसंग हाच आहे. मदत हवी, कणव नको, हे ते तिला बजावतात. पण दिग्दर्शिकेने त्यांना देवमाणूसही केलेले नाही. हाच ताठा पुढे त्यांना कविताशी ठरलेले लग्न मोडायला लावतो, म्हणजे स्वाभिमान आणि हट्ट यांतली सीमारेषा त्यांनाही नीट सापडत नाही. हा चित्रपट दिल्लीतील एका अंधशाळेत चित्रित झाला असून तेथील दृष्टिहीन मुलांनीच त्यात कामे केली आहेत. ती मुले कुणाच्या सहानुभूतीसाठी थांबलेली दिसत नाहीत. खोड्या काढतात आणि भांडतात.

उलट पडद्यावरची दृष्टिहीन नायिका भेटेल त्याच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्याला ओळखते, ही पटकथाकारांची फार लाडकी समजूत. माझी मुलगी माणसाला आवाजावरून ओळखते, आमच्या सोसायटीतील काहींना तर जिन्यातील पावलांवरूनही. 'अनोळखी माणसाच्या तोंडावर हात फिरवला तर थोबाडीत बसेल', असे ती म्हणते. पुरवणीत कौतुकाने छापलेले छायाचित्र नेमके अशाच चेहरा चाचपण्याचे आहे, हे तिला मीच सांगितले.

सांगावे लागले, कारण आपल्या ई-आवृत्तीतील पाने म्हणजे निव्वळ चित्रे असतात आणि तिच्या मोबाइलमधील स्क्रीन रीडरला त्यांतील एक अक्षरही वाचता येत नाही. त्यामुळे दृष्टिहीनांविषयीचा आपला लेख मला मोठ्याने वाचून दाखवावा लागला. 'जुना आणि संथ' येथे ती हसली. पाने मजकूर स्वरूपात देण्याविषयी मी जानेवारीत आपल्या कार्यालयास लिहिले होते. त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली