आजींच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या वहीत लिहिण्याबाबत सूचना

सर्व सदस्यांस,

आपल्या भजनी मंडळातील ज्येष्ठ सदस्या, ज्यांना आपण सारेच आजी म्हणत असू, त्यांचे प्रथम पुण्यस्मरण येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मंदिराच्या सभामंडपात होईल. वर्षश्राद्ध तिथीनुसार त्याआधीच घरी होत असून ते फक्त कुटुंबापुरते आहे.

आजींच्या नातीने आठवणींसाठी एक वही ठेवली आहे. ती शनिवारी हरिपाठानंतर खजिनदारांकडे मिळेल. लिहिताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. निधनास वर्ष होत आल्याने ‘बातमी ऐकून धक्का बसला’ असे आता लिहू नये. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द निधनाच्या वेळचे. पुण्यस्मरणाला ‘विनम्र अभिवादन’ शोभते.

२. ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणत्याही आजींना लागू पडतात, म्हणून स्वतः पाहिलेला एकच प्रसंग लिहावा. उदाहरणार्थ: ‘नवख्या मुलाचा टाळ चुकला, की आजी त्याच्याकडे न पाहता स्वतःचा टाळ जरा जोराने वाजवीत आणि तो आपोआप ठेक्यावर येई. तो मुलगा मीच. आजींना विनम्र अभिवादन.’ नातवंडांनी आजींना घरात पाहिले; मंडपातल्या आजी त्यांना आपल्याकडूनच कळतील.

३. शेवटच्या आजारपणाचा उल्लेख नको, अशी घरच्यांची विनंती आहे.

४. पाच-सहा ओळी पुरेत. खाली आपले पूर्ण नाव लिहावे, कारण ‘बंड्या’ कोण हे नातीला कळणार नाही.

— सचिव